दोर चढताना वजन कोण उचलतं? पकड, लॅट्स, बायसेप्स आणि पाय यांची वाटणी

पहिल्यांदा दोर चढायला गेलो तेव्हा साडेचार मीटरच्या दोरावर वरचं टोक मीटरभर उरलेलं असताना माझी बोटं आपोआप उघडायला लागली. मांड्या ताज्यातवान्या होत्या, दमही लागला नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मात्र लाकडासारखा कडक झाला होता. कसाबसा खाली आलो आणि साहजिकच निष्कर्ष काढला की हातात ताकद कमी आहे. मग दोन महिने पुलअप्स वाढवले. दोरावर फरक जवळजवळ शून्य.

मित्राने बाजूने व्हिडिओ काढला तेव्हा खरी गोष्ट दिसली. प्रत्येक वेळी गुडघे वर घेतल्यावर मी तीनेक सेकंद पायाने दोर चाचपडत होतो आणि तेवढा वेळ कोपर वाकवून सगळं वजन हातांवर धरून ठेवत होतो. सहा वेळा हे केलं आणि एकूण सव्वा मीटरच वर गेलो, म्हणजे दर खेपेला जेमतेम वीस-एकवीस सेंटिमीटर. ताकद कमी नव्हती, वाटणी चुकलेली होती.

आधी एक हिशोब मांडतो, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप बसतं. माझं वजन ६८ किलो. जमिनीवरून हलकी उडी मारून हात साधारण २.२ मीटरवर पकड घेतात आणि टोक आहे ४.५ मीटरवर. म्हणजे शरीर चढवायचं ते फक्त २.३ मीटर. जिन्याच्या भाषेत तेरा-चौदा पायऱ्या. एवढ्या कामाने कोणी दमत नाही. दोरावर माणूस दमतो तो वर जाण्याने नाही, वर जाण्याच्या मधल्या काळात *लटकून राहण्याने*. आणि लटकण्याचा भार ज्या स्नायूंवर पडतो ते शरीरातल्या लहान स्नायूंपैकी आहेत.

एका खेपेत भार कसा फिरतो

पाय लावून दोर चढताना एकच चक्र पुन्हापुन्हा येतं: लटकणं, गुडघे वर घेणं, पायांत दोर अडकवणं, उभं राहणं, हात वर सरकवणं. या पाच टप्प्यांत वजनाची मालकी बदलत राहते.

लटकताना आणि गुडघे वर घेताना पूर्ण ६८ किलो हातांवर असतात. गुडघे झटक्याने वर घेतले तर क्षणभर त्याहूनही जास्त, कारण पायांना वर ढकलण्याची प्रतिक्रिया दोराकडूनच मिळवावी लागते. पाय अडकले आणि तुम्ही उभे राहू लागलात की चित्र पालटतं. अडकवणं नीट असेल तर पाय त्रेपन्न ते अठ्ठावन्न किलो घेतात आणि हातांकडे दहा-पंधरा किलो उरतात, तेही मुख्यतः शरीर मागे पडू नये म्हणून. हात वर सरकवताना एक हात सुटलेला असतो. पण वजन पायांवर असल्याने दुसऱ्या हाताला फारसा त्रास होत नाही.

म्हणजे पाठीचे लॅट्स, दंडाचे बायसेप्स, पाय यांना पाळीपाळीने सुट्टी मिळते. पकडीला मात्र पाचही टप्प्यांत ड्युटी आहे. म्हणून सगळ्यात आधी तीच संपते. स्नायू जोरात आवळलेला असला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताचा पुरवठा अडतो. मोकळं सोडलं की रक्त परत धावतं. त्यामुळे पकड वाचवायची तर नुसती ती मजबूत करून भागत नाही. प्रत्येक खेपेत तिला दोन सेकंद का होईना, मोकळं सोडायला लागतं. ही संधी फक्त उभं राहण्याच्या टप्प्यात मिळते आणि नवशिके नेमके तिथेच दोर सर्वात घट्ट आवळून धरतात, भीतीने.

पायरी १: वजनकाट्यावर वाटणी अनुभवा

हा प्रयोग मला फार आवडतो आणि तो कोणालाही करता येतो. दोराच्या बरोबर खाली घरगुती वजनकाटा ठेवा, शक्यतो फिरत्या काट्याचा, कारण डिजिटल काटे आकडा गोठवून टाकतात. त्यावर उभे राहा, हात पूर्ण सरळ ठेवून डोक्याच्या वर दोर धरा.

आता कोपर अजिबात न वाकवता फक्त खांदे कानांपासून खाली ओढा. ६८ वरचा काटा पन्नासच्या आसपास उतरेल. हे अठरा किलो बायसेप्सने उचललेले नाहीत. काखेपासून कमरेपर्यंत पंखासारखे पसरलेले लॅट्स आणि खांद्याची पाती खाली खेचणारे स्नायू यांनी ते घेतले. दोर चढताना ओढण्याची सुरुवात याच जागेवरून व्हायला हवी. काटा हलायच्या आधी कोपर वाकला तर समजा की बेटकुळी पुढे धावतेय आणि पाठ झोपली आहे.

मग उलट करा. काटा ५५ दाखवेल इतकंच ओढा. हातात आता तेरा किलो आहेत. डोळे मिटून बोटांना हे किती हलकं वाटतं ते लक्षात ठेवा. दोरावर पाय अडकवून उभे असताना हातात *एवढाच* ताण जाणवायला हवा. शेवटी गुडघे सैल सोडत काटा दहावर येऊ द्या. आता अठ्ठावन्न किलो हातांवर आहेत. दहा सेकंद मोजा. फोरआर्ममध्ये पेटायला लागेल. या दोन संवेदनांमधला फरक ओळखता आला की वर गेल्यावर व्हिडिओ लागत नाही. हातच सांगतात की पाय काम करतायत की नाही.

पायरी २: पायाची गाठ जमिनीवरच पक्की करा

पायांच्या दोन पद्धती पुरेशा आहेत. पहिली जे-हुक. दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने खाली येतो. डावं पाऊल उजव्याच्या खालून पलीकडे नेऊन दोर त्याच्या वरच्या भागावर उचला आणि डावीकडे ओढा, म्हणजे तो उजव्या तळव्याखालून जाऊन डाव्या पावलाच्या वर येतो. मग उजव्या पायाने खाली दाबा. दोर दोन पावलांच्या मध्ये चिमटला जातो. दुसरी एस-रॅप. दोर मांड्यांच्या मधून येतो, उजव्या पोटरीच्या मागून बाहेर वळतो, उजव्या पावलाच्या वर येतो आणि डावा पाय त्यावर दाबून उभा राहतो. जे-हुक वेगवान, एस-रॅप सावकाश पण भरवशाची.

ती भरवशाची का, हे घर्षणाच्या गणितात आहे. दोर एखाद्या गोष्टीभोवती जितका जास्त वळतो, तितकी त्याची पकड गुणाकाराने वाढते, बेरजेने नाही. घर्षणांक ०.४ धरला तर अर्ध्या वेढ्याला धरून ठेवणारी ताकद सुमारे साडेतीन पट होते आणि पूर्ण वेढ्याला बारा पट. पायांवर पन्नास किलो असतील तर अर्ध्या वेढ्याच्या शेवटी पावलांच्या चिमट्याने साधारण चौदा किलो धरावे लागतात, पूर्ण वेढ्यात चारच. जे-हुकमध्ये दोर साधारण अर्धा वेढा घेतो, एस-रॅपमध्ये पूर्णच्या जवळ जातो. म्हणून जे-हुकमध्ये दोन्ही पावलं एकमेकांवर नीट बसायला लागतात, तर एस-रॅपमध्ये थोडा गबाळेपणा खपतो. पोटरीची कातडी मात्र सोलवटते, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला.

सरावाची जागा: एका उंच खोक्यावर किंवा बाकावर बसा, दोर समोर लोंबकळू द्या. हात वापरायचेच नाहीत. पायांनी दोर उचला, दाबा, सोडा. दर वेळी खाली बघायची गरज लागत असेल तर अजून वर जायची वेळ आलेली नाही. न बघता एका सेकंदात, दहापैकी नऊ वेळा गाठ बसली की पुढे चला. कंटाळवाणं आहे. पण माझे ते तीन सेकंद या बाकानेच खाऊन टाकले, पुलअप्सनी नाही.

जमिनीलगत एक अडचण येते. दोराची शेपटी आखूड असल्याने ती पायाबरोबर हलते आणि निसटते. कोणीतरी टोक हलकं धरलं तर बरं. वर गेल्यावर खाली लोंबणाऱ्या दोराचं वजनच त्याला सरळ ठेवतं, फक्त तो पायाने उचलायला जड लागतो.

पायरी ३: एक हात सोडून बघा

आता जमिनीपासून फूटभर वर जाऊन गाठ बसवा आणि उभे राहा. पाय पूर्ण सरळ, कंबर दोराला लागलेली, छाती दोराजवळ. एक हात सोडा. मग उरलेल्या हाताची पकड हळूहळू सैल करत फक्त तोल राखण्यापुरती ठेवा. खाली जाड मॅट हवीच.

घसरलात तर कुठे घसरलात ते बुटावर दिसतं. दोराची खूण डाव्या पावलाच्या बोटांकडे असेल तर दोर फार पुढे बसला होता. तो लेसच्या मध्यावर हवा. खूण बरोबर असून घसरत असाल तर बहुतेक वेळा गुडघे वाकलेले असतात. वाकलेल्या गुडघ्यांनी तुम्ही खुर्चीवर बसल्यासारखे मागे जाता, पावलं पुढे सरकतात आणि वजन दोराच्या रेषेतून बाहेर पडतं. मग तोल सावरायला हात ओढू लागतात आणि वाटणी पुन्हा बिघडते.

पायरी ४: हातांची वाटणी, कोपर कुठे आहे यावर

बायसेप्सबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, की दोर चढणं म्हणजे बेटकुळीचा व्यायाम. दोर उभा असतो, त्यामुळे तळवे एकमेकांकडे वळलेले, हातोडा धरल्यासारखे असतात. बायसेप्स सर्वात जोर लावतो तो तळवा स्वतःकडे असताना. हातोड्याच्या पकडीत कोपर वाकवण्याचं बरंचसं काम बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रेकिअॅलिस आणि फोरआर्मच्या अंगठ्याकडच्या बाजूचा ब्रेकिओरेडिअॅलिस करतात. चढून आल्यावर कोपराच्या खाली बाहेरच्या अंगाला दुखतं ते याचंच.

दुसरा गैरसमज मोठा आहे, की कोपर वाकला म्हणजे भार वाढतोच. खरा प्रश्न कोपर किती वाकला हा नसून तो दोराच्या रेषेपासून किती *लांब* आहे हा आहे. वजन हातातून सरळ खाली जातं. कोपर हाताच्या बरोबर खाली असेल तर कोपरावर जवळजवळ काहीच फिरकी येत नाही आणि काम खांद्याकडे, म्हणजे लॅट्सकडे जातं. आकड्यांत सांगायचं तर दोन हातांवर ६८ म्हणजे एका हातावर ३४ किलो. कोपर दोरापासून पंधरा सेंटिमीटर बाहेर असेल आणि कोपर वाकवणारे स्नायू सांध्यापासून चारेक सेंटिमीटरवर ओढतात असं धरलं, तर त्यांना सुमारे सव्वाशे किलोचा जोर लावावा लागतो. तेच अंतर पाच सेंटिमीटर केलं तर चाळीसच्या आसपास. हा ढोबळ हिशोब आहे, पण फरक ढोबळ नाही.

यावरून दोन नियम निघतात. गुडघे वर घेताना हात सरळ ठेवा, खांदे मात्र पायरी १ सारखे खाली ओढलेले. कारण मांड्या पुढे आल्या की धड आपोआप मागे झुकतं, आणि अशा वेळी कोपर वाकलेला असेल तर तो दोरापासून लांब जातो. माझी मूळ चूक हीच होती. हात सरळ असतील तर वजन हाडांवर आणि कंडरांवर लटकतं, बेटकुळी निवांत असते. मात्र खांदे कानाला चिकटेपर्यंत सैल सोडून लोंबकळू नका. त्याने खांद्याच्या सांध्यावर ताण जातो आणि पुढच्या ओढीला लॅट्स उशिरा जागे होतात.

दुसरा नियम ओढतानाचा: कोपर बाहेर फाकवू नका, बरगड्यांकडे खाली आणा, जणू खिशात ठेवायचे आहेत. छाती दोराला घासली तरी चालेल.

पाय अडकल्यावर उभं राहताना तर ओढण्याचा विचारच नको. पायांनी ढकला, हात फक्त दोराबरोबर सोबत करतात. उभे राहिलात की हात हनुवटीपासून छातीपर्यंत कुठेतरी येतील. तेव्हा बोटं सैल करा, एक श्वास सोडा, मग एकेक हात जितका जाईल तितका वर सरकवा. लहान लहान चार हात घेऊ नका, दोनच, पण लांब. प्रत्येक हात सोडणं म्हणजे दुसऱ्या पकडीवर जादा भार.

पायरी ५: पूर्ण चढ, सेकंद मोजून

आता माझा नंतरचा व्हिडिओ. दर खेपेला ४६ सेंटिमीटर, म्हणजे २.३ मीटरसाठी पाच खेपा. प्रत्येक खेप साडेचार सेकंदांची. त्यात गुडघे वर घ्यायला एक आणि गाठ बसवायला एक, असे दोन सेकंद पूर्ण वजन हातांवर. उरलेले अडीच सेकंद उभं राहणं आणि हात सरकवणं, हातांवर दहा-पंधरा किलो. पूर्ण चढात हातांवर पूर्ण वजन एकूण दहा सेकंद आलं. आधीच्या अर्धवट चढात सहा खेपांत चार-चार सेकंद, म्हणजे चोवीस सेकंद आलं होतं, आणि तेही कोपर वाकवून. दोन्ही व्हिडिओंच्या मध्ये माझे पुलअप्स वाढले नव्हते.

खेपेची उंची ठरते ती गुडघे छातीच्या किती जवळ येतात यावर, म्हणजे पोट आणि मांडीच्या वरच्या स्नायूंवर. त्यांचं नाव या चर्चेत कोणी घेत नाही. गुडघे कंबरेइतकेच वर येत असतील तर खेपा दुप्पट होतात आणि पकड त्याची किंमत देते. सरळ हातांनी लटकून गुडघे छातीला लावण्याचे आठ-दहा आवर्तन सहज जमत नसतील तर आधी तिथे वेळ घाला.

पहिल्या दिवशी तीन खेपा वर, मग खाली. चौथ्या खेपेला गाठ बसायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला, तर तिथूनच परत फिरा. फोरआर्म दुखण्याच्या आधी पायांची घाई सुरू होते. ही थकव्याची पहिली खूण आहे. दोन चढांच्या मध्ये तीन-चार मिनिटं हात खाली सोडून झटका. आठवड्यात दोन दिवस पुरेत. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना वेळ लागतो. कोपराच्या आतल्या हाडाजवळ दुसऱ्या दिवशीही बोट लावलं की दुखत असेल तर ते जाईपर्यंत दोर बंद.

दोर स्वतःही भार ठरवतो. व्यायामशाळेतले दोर बहुतेक ३८ मिलिमीटर जाडीचे असतात. लहान पंजाला जाड दोराभोवती बोटं पूर्ण वळवता येत नाहीत आणि अंगठा बोटांवर टेकत नाही. अशा वेळी ३२ मिलिमीटरचा दोर मिळाला तर पकडीत लगेच फरक पडतो. घामट हात तोच भार धरायला जास्त आवळावे लागतात, म्हणून थोडा चॉक. अंगठ्या काढून ठेवा.

पाय न लावता चढायचं असेल तर

मग पायांचा वाटा शून्य आणि हात सोडण्याच्या प्रत्येक क्षणी दुसऱ्या एका हातावर अख्खे ६८ किलो. जुन्या ऑलिंपिकमध्ये दोर चढण्याची स्पर्धा असायची, शेवटची १९३२ मध्ये झाली. १९०४ मध्ये ती जिंकली जॉर्ज आयझरने, आणि त्याचा डावा पाय लाकडी होता. पाठ आणि पकड पुरेशी असेल तर पाय निव्वळ ओझं आहेत, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. माझा स्वतःचा निकष: दोरालाच धरून, तळवे एकमेकांकडे ठेवून आठ सलग स्वच्छ पुलअप्स, आणि हनुवटी हातांजवळ ठेवून पाच सेकंद थांबणं. ते जमेपर्यंत पाय लावा. मधली पायरी म्हणून वर पाय लावून जा आणि जमिनीलगतच्या शेवटच्या मीटरभरातच पाय सोडून हाताखाली हात घेत उतरा.

उतरताना

बहुतेक जखमा इथे होतात, कारण डोक्यात काम संपलेलं असतं. पकड थकलेली असते म्हणून माणूस घसरत खाली येतो आणि तळहात भाजतात. उतरतानाही वाटणी तीच ठेवा. वर असतानाच एस-रॅप बसवा, पावलांचा दाब थोडा ढिला करून दोर पायांमधून सरकू द्या आणि हात एकाखाली एक घेत या. वेग पावलांनी ठरवायचा. तळहात गरम लागले तर पाय फार ढिले आहेत: दाबा, थांबा, हातांना दोन सेकंद मोकळं करा आणि मग पुढे उतरा. पाय मॅटला टेकेपर्यंत दोर सोडू नका. शेवटचा मीटर उडी मारून संपवायचा मोह होतो, पण खाली दोराची शेपटी पडलेली असते आणि घोटा नेमका तिच्यावरच मुरगळतो.